पोर्ट्रेटवरून टॉय-फिगर रेंडर, पण माणूस ओळखू आला पाहिजे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ब्लेंडरमध्ये ओळखीच्या माणसांच्या खेळण्यातल्या आवृत्त्या बनवतो. कपाटात मांडून ठेवायच्या दहा सेंटिमीटरच्या विनाइल बाहुल्या असतात ना, तशी दिसणारी चित्रं. लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरण बहुतेक ठिकाणी एकच आहे : एसटीत कंडक्टर असलेल्या माझ्या मामाचं निवृत्तीच्या दिवशी द्यायचं चित्र. त्यात मी ज्या चुका केल्या त्यांतूनच निम्मी उत्तरं निघाली आहेत.

१. टॉय-फिगर स्टाइल आणि साधं थ्रीडी कार्टून यांत फरक काय?

कार्टून पडद्यावरचं पात्र असतं. टॉय-फिगर ही वस्तू असते, आणि ती साच्यातून निघाली आहे हे बघणाऱ्याला पटावं लागतं. त्यामुळे केसांच्या बटा सुट्या नसतात, केसांचा एकच गोळा असतो आणि त्यावर खाचा असतात. कुठलीही कड सुरीसारखी धारदार नसते, दहा सेंटिमीटरच्या बाहुलीला निदान ०.३ मिलिमीटरची गोलाई हवी. मान आणि धड, मनगट आणि बाही, केस आणि कपाळ यांच्यामध्ये जोडाची बारीक रेष दिसते, कारण खऱ्या खेळण्यात ते वेगळे भाग असतात. डोळे आणि भुवया बहुधा छापलेल्या असतात, म्हणजे सपाट आणि स्वच्छ कडेच्या.

हे एवढं केलं तरी निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं प्लास्टिकच्या वागण्यात आहे, ते प्रश्न ९ मध्ये.

२. फोटो कसा हवा? सेल्फी चालेल का?

सेल्फी टाळा. मोबाइल नाकापासून ३५ सेंटिमीटरवर धरला, तर कान त्याच्या मागे आणखी साधारण १२ सेंटिमीटर असतो. म्हणजे नाकाच्या मानाने कान जवळजवळ पाऊण आकाराचा दिसतो. तोच फोटो पावणेदोन-दोन मीटरवरून झूम करून काढला की हा फरक सहा-सात टक्क्यांवर येतो. सेल्फीवरून मापं घेतली की नाक फुगतं, कान लपतात, आणि पुढे कितीही घासलं तरी माणूस सापडत नाही.

दुसरा सापळा उलटेपणाचा. पुढच्या कॅमेऱ्याचे कित्येक फोटो आरशासारखे उलटे साठवले जातात. भांग उजवीकडचा डावीकडे जातो, गालावरचा तीळ बाजू बदलतो. स्वतःला हे खटकत नाही, कारण आपण स्वतःला आरशातच बघतो. बायको मात्र लगेच म्हणते, काहीतरी चुकलंय. फोटोत कुठे अक्षरं दिसत असतील तर आधी ती वाचून बघा.

मला तीन फोटो लागतात : समोरून, पाऊण बाजूने आणि पूर्ण बाजूने. चौथा मिळाला तर पाठमोरा. मामाच्या वेळी तो सगळ्यांत उपयोगी पडला. का ते प्रश्न ६ मध्ये.

३. डोकं किती मोठं ठेवायचं?

खरा प्रौढ माणूस उंचीने सात-साडेसात डोकी असतो. जपानी नेंडोरॉइड धाटणीच्या बाहुल्या साधारण अडीच डोकी असतात, म्हणजे दहा सेंटिमीटरच्या बाहुलीत चार सेंटिमीटर नुसतं डोकं. साम्य टिकवायचं असेल तर अडीच ते तीन हा सोयीचा पल्ला. चेहरा मोठा मिळतो आणि अंगाची ठेवणही थोडी दाखवता येते. दोनच्या खाली गेलात की शरीर उरतच नाही, आणि ज्याला लोक चालण्या-उभं राहण्यावरून ओळखतात अशा माणसाची अर्धी ओळख तिथेच जाते.

४. साम्य नेमकं असतं कशात? मी डोळे, नाक, ओठ सगळं हुबेहूब केलं, तरी ओळखू येत नाही.

आपल्याकडे अर्कचित्र हा शब्द आहे, आणि उत्तर त्या शब्दातच आहे. अर्क काढायचा तर बाकीचं उडून जाऊ द्यावं लागतं. खेळण्याच्या चेहऱ्यावर जागा इतकी थोडी असते की सगळं हुबेहूब केलं तर काहीच उठून दिसत नाही.

माझी पद्धत अशी. समोरचा चेहरा सर्वसाधारण चेहऱ्यापेक्षा कुठे कुठे हटतो ते लिहून काढायचं. नाक लांब, कपाळ रुंद, डोळे जवळजवळ, असं दहा-बारा गोष्टींचं. मग त्यातल्या तीन निवडायच्या आणि फक्त त्या वाढवायच्या. बाकीच्यांचं आपापसातलं प्रमाण जपायचं, आणि जे सर्वसाधारण आहे ते बिनदिक्कत सोपं करायचं. कोणत्या तीन निवडायच्या हे फोटोकडे बघून ठरवू नका. घरच्या कोणाला तरी विचारा, की बाजारात गर्दीत तुम्ही यांना कशावरून शोधता. उत्तर सहसा नाक-डोळ्यांचं येत नाही. केसांची बाह्यरेषा, चष्मा, खांदे पाडून उभं राहणं, असलं काहीतरी येतं.

आणि भुवया. नवशिक्यांचा सगळा जीव डोळ्यांत असतो. २००३ साली एमआयटीत पवन सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध व्यक्तींच्या फोटोंतून एकदा डोळे आणि एकदा भुवया पुसून ते फोटो लोकांना दाखवले. भुवया पुसलेले चेहरे ओळखणं जास्त अवघड गेलं. मी तेव्हापासून भुवयांची जाडी, उतार आणि त्यांचं डोळ्यांपासूनचं अंतर आधी बसवतो, डोळे नंतर.

५. हे आकड्यांत कसं करायचं? एक पूर्ण उदाहरण द्याल का?

मामाचा समोरचा फोटो घेतला. हनुवटीपासून टाळूपर्यंत डोकं ६०० पिक्सेल भरलं. बाहुलीचं डोकं ४० मिलिमीटर ठरवलं होतं, म्हणजे १५ पिक्सेलला १ मिलिमीटर. एवढा एक हिशोब जमला की बाकीचं सोपं आहे.

चेहऱ्याची रुंदी ४०५ पिक्सेल, म्हणजे २७ मिलिमीटर. खेळण्याचं डोकं खऱ्यापेक्षा रुंद आणि गोल असतं, म्हणून ती ३१ केली. आता इथे चूक होते. रुंदी वाढवली आणि डोळ्यांतलं अंतर तसंच ठेवलं, तर डोळे एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात आणि माणूस बदलतो. फोटोत दोन डोळ्यांच्या बुबुळांमधलं अंतर १६५ पिक्सेल, म्हणजे ११ मिलिमीटर. रुंदी जितक्या पटीने वाढली तितक्याच पटीने हेही वाढवायचं, म्हणून ते साडेबारा झालं. नाकपुड्यांची रुंदी आणि तोंडाची रुंदी याच पटीत. हे झालं प्रमाण जपणं.

मग निवडलेल्या तीन गोष्टी. मिशी १६५ पिक्सेल, म्हणजे ११ मिलिमीटर. वरच्या पटीने ती साडेबारा झाली असती, मी १५ केली. कान डोक्यापासून प्रत्येकी ३ मिलिमीटर बाहेर येत होते, ते ५ केले. भुवयांची जाडी २ वरून ३ वर नेली. नाक साधंच होतं, त्याचा गोल गुंडा केला. ओठ मिशीखाली जवळजवळ गाडून टाकले. जिवणी म्हणून एक खाच ठेवली.

पहिला रेंडर सुंदर आला आणि मामीने विचारलं, "कोण आहे हा?"

कारण शोधायला दोन संध्याकाळी गेल्या. चष्मा मी नीट नाकाच्या मुळाशी बसवला होता. मामा चष्मा कायम नाकाच्या मध्यावर घसरलेला ठेवतो आणि सुटे पैसे मोजताना वरून बघतो. बसवलेल्या चष्म्याने भुवया झाकल्या जात होत्या, म्हणजे तीनपैकी एक खूण मी स्वतःच पुसली होती. चष्मा ४ मिलिमीटर खाली सरकवला, हनुवटी जराशी आत घेतली, भुवया मोकळ्या झाल्या. चेहऱ्याच्या एकाही मापाला हात लावला नाही.

६. ओळख पटली की नाही, हे स्वतःला कसं कळणार? मला तर तो ओळखीचाच दिसतो.

तुम्हाला दिसणारच, तुम्ही तीन दिवस त्याच्याकडे बघत आहात. तीन चाचण्या करा. पहिली, रेंडर १०० पिक्सेल उंचीचा करून बघा. त्या आकारात ओळख टिकली तर ती बाह्यरेषेत आणि मोठ्या आकारांत आहे, तपशिलांवर टेकलेली नाही. दुसरी, सगळं मॉडेल काळ्या रंगात टाकून नुसती सावली बघा. तिसरी, जो माणसाला ओळखतो पण तुम्ही काय करत आहात हे ज्याला माहीत नाही, त्याला चित्र पाठवा आणि सोबत एक अक्षरही लिहू नका. "हा अमका वाटतो का?" असं विचारलंत की चाचणी संपली, कारण लोक हो म्हणतात.

गणवेश आणि हातातल्या वस्तू लपवून ही चाचणी एकदा कराच. खाकी कपडे, छातीवरचा बिल्ला आणि हातात तिकिटाला भोक पाडायचा पंच दिला की कोणीही कंडक्टर वाटतो. तो आपला मामा आहे की नाही हे गळ्याच्या वर कळलं पाहिजे. त्याच्या बाबतीत गंमत म्हणजे ते मागूनही कळलं. टक्कल आणि कानांच्या मागे उरलेली केसांची महिरप बघून धाकट्या भाच्याने पाठमोऱ्या रेंडरवरूनच नाव सांगितलं.

७. डोळे नुसते काळे ठिपके ठेवावेत की पापण्यांसकट?

फंको पॉप बाहुल्यांचे काळ्या बटणांसारखे डोळे प्रसिद्ध आहेत, पण तिथे डोळ्यांकडून ओळखीचं काही कामच घेतलेलं नाही. सगळा भार केस, कपडे आणि भुवयांवर असतो. तुमच्या माणसाची ओळख तशीच असेल तर ठिपके उत्तम. पण डोळे खाली झुकलेले, वरची पापणी जड, किंवा एक डोळा किंचित लहान असं काही असेल, तर वरच्या पापणीची एक जाड रेघ तरी ठेवा. डोळ्याचा उतार त्या एका रेघेत येतो.

डोळे खाली सरकवण्याचा मोह मात्र जपून. खऱ्या डोक्यात डोळे साधारण निम्म्या उंचीवर असतात. खेळण्यात ते खाली नेले की कपाळ मोठं होतं आणि चेहरा बाळासारखा गोड दिसतो. कोन्राड लोरेन्झने १९४३ साली मांडलेली लहानग्यांच्या चेहऱ्याची ठेवण ती हीच. साठीच्या माणसाला तिचा पूर्ण डोस दिला तर त्याचा नातू तयार होतो.

८. त्वचेचा रंग एकतर गोरा होतो नाहीतर राखेसारखा. काय करू?

याबद्दल सर्वांत जास्त विचारणा होते. कारणं बहुधा दोन.

पहिलं, रंग चुकीच्या जागेवरून उचलला जातो. कपाळाची चकाकी हा त्वचेचा रंग नाही, आणि गळ्याखालची सावलीही नाही. दिवसाच्या उजेडात सावलीत उभं करून काढलेल्या फोटोत गालाच्या कडेला, जिथे चमक नाही आणि काळोखही नाही, तिथला रंग घ्या. एका पिक्सेलचा नको, छोट्या चौकोनाची सरासरी घ्या.

दुसरं, ब्लेंडर ४.० पासून `View Transform` मध्ये आपोआप `AgX` निवडलेलं असतं. ते प्रखर उजेड छान सांभाळतं, पण रंग जरा विझवतं. तांबूस-सावळी त्वचा त्यात राखाडीकडे झुकते. खेळण्याचे रंग सपाट आणि ठाम असतात, म्हणून मी `Standard` निवडतो आणि दिवे कमी करतो. `AgX` ठेवायचंच असेल तर मूळ रंग थोडा जास्त गडद-तांबूस द्या आणि शेवटी फोटोशेजारी ठेवून ताडून बघा.

"जरा उजळ करा ना" अशी फर्माईश येते. मी करत नाही. रंग उजळला की भुवया आणि मिशीचा त्वचेशी असलेला फरक बदलतो, आणि ओळख त्या फरकावर उभी असते.

९. सगळं बरोबर आहे, पण बाहुली प्लास्टिकची वाटत नाही. मेणाची वाटते.

मॉडेल दहा सेंटिमीटरचं आणि सेटिंग माणसाचं, असं झालं आहे. `Principled BSDF` मध्ये `Subsurface` चालू केलं की `Scale` आपोआप `0.05` मीटर असतं. म्हणजे लाल उजेड पाच सेंटिमीटर आत शिरतो. दहा सेंटिमीटरची बाहुली त्यात आरपार उजळते, मेणबत्तीसारखी. शिवाय `Radius` चे मूळ आकडे लाल रंगाला झुकतं माप देतात, ते त्वचेसाठी. प्लास्टिकमध्ये रक्त नसतं. मी एवढं ठेवतो :

```
Subsurface Weight   0.3
Subsurface Radius   1.0  0.6  0.4
Subsurface Scale    0.001
Roughness           0.4
```

कानाची पातळ कड तेवढी किंचित उजळली पाहिजे, गाल नाही. हीच खूण बघा. चष्म्याची काडी, बूट, बिल्ला यांचा `Roughness` `0.15` ते `0.2` करा. सगळ्या वस्तू एकसारख्या चमकल्या तर बाहुली एकाच बादलीत बुडवून काढल्यासारखी दिसते.

मॉडेल आधीच पावणेदोन मीटरचं बनवून बसला असाल तर हे आकडे जुळणार नाहीत. ते खऱ्या मापाला आणा आणि `Ctrl+A` ने `Scale` लागू करा.

१०. कॅमेरा आणि दिवे कसे लावू?

कॅमेरा ८५ मिलिमीटर, बाहुलीपासून साधारण ३४ सेंटिमीटरवर, तिच्या डोळ्यांच्या उंचीला किंवा किंचित वर. मागचं दृश्य धूसर हवं म्हणून लोक `F-Stop` ला `2.8` करतात. या अंतरावर त्यात फक्त तीन-साडेतीन मिलिमीटरची पट्टी स्पष्ट राहते : नाक स्पष्ट, भुवया धूसर, कान गायब. `11` वर ही पट्टी तेरा मिलिमीटरच्या आसपास जाते. फोकस भुवयांवर ठेवलात तर मिशीही वाचते, आणि मागचं टेबल तरीही मऊच राहतं.

मुख्य दिवा बाहुलीपेक्षा मोठा, एका बाजूला वर. मागून एक अरुंद दिवा केस आणि कान पार्श्वभूमीपासून सोडवायला. बस.

११. नथ, पदर, गजरा अशा नाजूक गोष्टींचं काय?

साच्यात जे निघालंच नसतं ते बारीक ठेवू नका. चष्म्याची काडी निदान एक मिलिमीटर, नथ म्हणजे तीन ठळक मोती, गजरा म्हणजे अंबाड्याभोवती गोल गोळ्यांची एक रांग. पदर कापडासारखा उडवू नका. खांद्यावरून उतरणारी जाड पट्टी करा, निऱ्या म्हणजे चार-पाच खोल खाचा, काठ छापल्यासारखा सपाट.

अपवाद एकच : ती नाजूक गोष्ट प्रश्न ४ मधल्या तीन खुणांपैकी असेल, तर तिला दुप्पट जाड करायला लाजू नका.

१२. सुरकुत्या ठेवल्या तर भयानक दिसतं, काढल्या तर माणूस तरुण होतो.

नाकापासून ओठांच्या कडेला उतरणारी एक जोडी ठेवा, तीही रुंद आणि उथळ. कपाळावरच्या आठ्या कोरू नका, हव्याच असतील तर त्वचेपेक्षा किंचित गडद अशा दोन रेघा छापल्यासारख्या रंगवा. वय दाखवायचं काम केसांची मागे हटलेली रेषा, गालांचा खाली आलेला भार आणि खांदे यांच्यावर सोपवा. दाढीचे खुंट असतील तर केस उगवू नका, जबड्यावर त्वचेपेक्षा थोडा निळसर-करडा सपाट पट्टा पुरतो.

१३. आजोबांचा एकच जुना कृष्णधवल फोटो आहे, तोही समोरून. बाजूचा चेहरा कुठून आणू?

फोटोतून तो येणार नाही. नाकाची उंची सावलीच्या लांबीवरून थोडी कळते, हनुवटी पुढे की मागे हे तेवढंही कळत नाही. अशा वेळी मी घरात विचारतो, आजोबांसारखं नाक कोणाला आहे? एखादी आत्या किंवा चुलतभाऊ निघतोच. त्याचा बाजूचा फोटो नाकापुरता वापरतो. आणि रेंडर समोरच्या कोनापासून वीस-पंचवीस अंशांच्या आतच ठेवतो. जे माहीत नाही ते कॅमेऱ्याने मागू नये.

रंगाबाबतही तसंच. टोपी पांढरी होती की काळी हे फोटोत दिसतं, कोटाचा रंग दिसत नाही. तो विचारा.

१४. चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा ठेवू का? मिरर लावून काम लवकर होतं.

सुरुवातीला ठेवा. मोठे आकार बसेपर्यंत एका बाजूला केलेलं दुसऱ्या बाजूला आपोआप झालेलं बरं. पण शेवटच्या टप्प्यात तो बंद करून एक तरी असमानता परत आणा : एक भुवई अर्धा मिलिमीटर वर, हसताना एकीकडे जास्त ओढली जाणारी जिवणी. कोणती बाजू, हे ठरवण्याआधी प्रश्न २ मधला उलट्या फोटोचा सापळा पुन्हा तपासा. मी एकदा एका मित्राची वाकडी जिवणी भलत्या बाजूला केली. त्याला स्वतःला चित्र फार आवडलं, बाकी कोणालाच नाही.

१५. नवरा-बायको एकत्र करायचे आहेत. दोघं भावंडं दिसतात!

दोघांसाठी एकच मूळ डोकं वापरलं असणार. शैली एक ठेवायची ती डोळे छापण्याच्या पद्धतीत, कडांच्या गोलाईत आणि प्लास्टिकच्या चमकेत. डोक्याचा आकार दोघांचा वेगळाच हवा, एकाचा उभा अंडाकृती तर दुसऱ्याचा आडवा. आणि हटलेपण आता सर्वसाधारण चेहऱ्याशी नको, एकमेकांशी मोजा. दोघांचीही नाकं मोठी असतील तर नाक ही खूण बाद. उंचीतला फरकही खऱ्यापेक्षा थोडा वाढवा, अडीच डोक्यांच्या अंगात तो सहज हरवतो.

१६. एखाद्या कंपनीच्या बाहुलीसारखंच, तिच्या खोक्यासकट केलं तर?

घरच्या भिंतीवर लावायला कोणी विचारत नाही. विकायचं असेल तर कंपनीचं नाव, चिन्ह आणि ओळखीची खोक्याची मांडणी वापरू नका, आपलं साधं खोकं बनवा. आणि ज्याचा चेहरा आहे त्याला विचारल्याशिवाय विक्री नको. मोठ्या डोक्याची आणि छोट्या अंगाची बाहुली ही कल्पना मात्र कोणा एकाची नाही.

१७. हेच मॉडेल थ्रीडी प्रिंट करता येईल का?

लगेच नाही. रेंडरसाठी भाग एकमेकांत घुसलेले चालतात, प्रिंटला ते एकसंध आणि बंद हवेत. छापल्यासारख्या रंगवलेल्या भुवया रंगहीन प्रिंटमध्ये नाहीशा होतात, तेव्हा त्या ०.५ मिलिमीटर तरी उचलून घ्याव्या लागतात. मामाच्या बाहुलीत घसरलेला चष्मा फक्त नाकावर टेकला होता, काड्या कानाला पोहोचतच नव्हत्या. रेंडरमध्ये ते कोणाच्या लक्षात आलं नाही. प्रिंटसाठी काड्या तीन मिलिमीटर लांबवल्या आणि कानांत रुतवल्या.